लकी ड्रॉमध्ये पैठणी शेवटी काढली तर चान्स वाढतो का?

"आमच्या सोसायटीत कोजागिरीला लकी ड्रॉ आहे. 200 कूपन, 10 बक्षिसं. आधी छोटी बक्षिसं, शेवटी पैठणी. निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकत नाहीत. मग शेवटपर्यंत आपलं नाव नाही निघालं तर पैठणीचा चान्स वाढतो ना? आणि एका घराने 20 कूपनं घेतलीत, एका घराला एकच बक्षीस असा नियम आहे, तरी त्यांचाच फायदा होणार का?"

ताई, तुमचं कूपन एकच आहे असं धरतो, आणि एका घराला एकच बक्षीस हा नियम आधी बाजूला ठेवू. पैठणी पहिली काढा नाहीतर दहावी, तुमचा चान्स 200 त 1 च राहतो. असं बघा, डबा नीट हलवून सगळ्या 200 चिठ्ठ्या टेबलावर एका रांगेत मांडल्या तर तुमची चिठ्ठी पहिल्या जागेवर यायची जेवढी शक्यता तेवढीच दहाव्या जागेवर यायची, रांगेला काय माहीत कुठल्या जागेवर पैठणी ठेवलीय. आणि पहिल्या दहा जागांपैकी कुठेही यायचा, म्हणजे काहीतरी मिळायचा चान्स 200 त 10, सरळ 5 टक्के.

पण तुम्हाला जे वाटतंय ते अगदीच चूक नाहीये. नऊ चिठ्ठ्या निघाल्या आणि तुमची अजून आत आहे, त्या क्षणाला डब्यात 191 उरल्यात, म्हणजे चान्स 191 त 1, खरंच थोडा वाढला. फक्त तिथपर्यंत टिकायचा चान्स 200 त 191 होता, दोन्ही गुणले की परत 200 त 1. आणि चिठ्ठी परत डब्यात टाकली असती तर निदान एक बक्षीस मिळायचा चान्स 5 वरून 4.9 टक्क्यांच्या आसपास आला असता, म्हणजे नावालाच फरक.

खरी गंमत तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे, तिथे क्रमाने फरक पडतो आणि बराच पडतो. बाकी 180 कूपनं 180 घरांची असं धरू. 20 कूपनवाल्यांना पहिल्या नऊ ड्रॉमध्ये एकदाही नाव न निघण्याचा चान्स सुमारे 38 टक्के (180/200 गुणिले 179/199 असं नऊ वेळा). म्हणजे 62 टक्के वेळा ते पैठणीच्या आधीच कुठला तरी डबा नाहीतर तांब्या घेऊन बाद झालेले असतात. राहिलेल्या 38 टक्क्यांत पैठणीचा चान्स 191 त 20. गुणाकार केला की पैठणी त्यांना मिळायचा चान्स जेमतेम 4 टक्के येतो. तीच पैठणी पहिली काढली असती तर 200 त 20, म्हणजे 10 टक्के! वीस कूपनांचे पैसे भरून त्यांना पैठणीसाठी आठ कूपनांएवढाच चान्स मिळतोय. त्यांचं जे कमी होतं ते बाकीच्यांत वाटलं जातं, तुमचा चान्स 0.5 वरून 0.53 टक्के होतो. म्हणजे अन्याय तुमच्यावर नाही, झालाच तर त्यांच्यावर होतोय.

त्यांच्या उरलेल्या 19 चिठ्ठ्या शोधून काढायची गरज नसते, परत त्यांची निघाली तर बाजूला ठेवून पुढची काढायची, हिशोब तोच येतो.

आमच्याकडे पाथर्डी फाट्याला एका वर्षी हेच झालं. एका काकूंनी बरीच कूपनं घेतली होती, दुसऱ्याच चिठ्ठीला त्यांना भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा तांब्या मिळाला, आणि शेवटी येवल्याच्या पैठणीला परत त्यांचंच नाव निघालं. निवेदकाने चिठ्ठी बाजूला ठेवून दुसरी काढली. नियम कूपनवर छापलेला नव्हता, काकूंना वाटलं हातातली पैठणी काढून घेतली. मी कूपनांचा हिशोब बघत होतो, मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांचं बरोबरच होतं, हे आम्ही विकतानाच सांगायला हवं होतं.

तेव्हापासून आम्ही "एका फ्लॅटला एकच बक्षीस" कूपनवरच छापतो आणि पैठणी पहिली काढतो. ती चिठ्ठी निवेदक न उघडता सगळ्यांसमोर पाकिटात बंद करतो, मग बाकीची नऊ काढून जाहीर करतो आणि पाकीट शेवटी फोडतो, म्हणजे मसाला दूध प्यायला थांबलेली मंडळी शेवटपर्यंत थांबतात. पाकिटातल्या फ्लॅटला मधे छोटं बक्षीसही लागलेलं निघालं तर त्यांना पैठणी द्यायची आणि त्या छोट्या बक्षिसासाठी नवीन चिठ्ठी काढायची, हेही आधीच सांगून ठेवायचं.

आणि हे सगळे आकडे चिठ्ठ्या खरंच मिसळल्या असतील तरच खरे. एकाच घराची वीस कूपनं एकदम फाडून एकत्र घडी घातली तर गठ्ठा तसाच राहतो, आणि शेवटी टाकलेल्या चिठ्ठ्या वरच राहतात. आम्ही प्रत्येक कूपनची वेगळी घडी घालतो, आधी सगळी चादरीवर पसरून हाताने कालवतो आणि मगच डब्यात भरतो, डबाही अर्धा रिकामा राहील एवढा मोठा घेतो, नाहीतर कितीही हलवलं तरी आत काही हलत नाही.