निरंक म्हणजे कोरं नव्हे

प्रश्न : सरकारी पत्रात 'माहिती निरंक असल्यास तसे कळवावे' असं वाक्य असतं. निरंक म्हणजे कोरं की शून्य? रकाना मोकळा सोडला तर चालत नाही का?

मोकळा सोडू नका. निर् + अंक, म्हणजे जिथे मांडायला आकडाच नाही ते निरंक. रकाना कोरा दिसला की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, माहिती नव्हती की भरायची राहिली? 'निरंक' लिहिलं की त्याचा अर्थ होतो, 'मी तपासलं, आणि नोंदवण्याजोगं काही सापडलं नाही.' हे एक विधान आहे, म्हणून त्याच्याखाली सही लागते. कर्ज काढताना शेतकरी सोसायटीचा 'निल दाखला' आणतात, त्यातला निल हाच.

या शब्दाचं वजन मला एका सरपंचांमुळे कळलं. 2019 साली मी पंचायत समितीत कनिष्ठ सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. जेवणाच्या सुट्टीत एक अण्णा टेबलापाशी येऊन उभे राहिले. खिशातून चार घड्या घातलेला, घामाने मऊ पडलेला कागद काढला. दोन शब्दांखाली लाल पेनाने रेघा मारलेल्या.

"भाऊसाहेब, मला काढून टाकलंय का हो ह्यात?"

कागदावर होतं : 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ज-3) अन्वये शासकीय जमिनीवर अथवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण केल्यामुळे निरर्ह ठरणाऱ्या सदस्यांची माहिती सोबतच्या प्रपत्रात तीन दिवसांत सादर करावी. माहिती निरंक असल्यास तसे प्रमाणित करावे. अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल.'

लाल रेघा 'निरर्ह' आणि 'निरंक' यांच्याखाली होत्या. अण्णांना ते दोन्ही शब्द एकच वाटले होते. 'मी निरर्ह आहे असं मीच लिहून द्यायचं,' असा अर्थ लावून ते दोन रात्री जागे होते.

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला. "अण्णा, नोकरीच्या जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' असते ना? अर्ह म्हणजे पात्र. निरर्ह म्हणजे अपात्र. आणि निरंक म्हणजे आकडा नाही. दोन्हीच्या पुढं 'निर्' लागलंय, एवढंच सारखं. गावात कुणा सदस्याचं अतिक्रमण आहे का, एवढंच विचारलंय. नसेल तर 'निरंक' लिहा. आणि अपात्र ठरवायचं काम तुमचं नाही, माझंही नाही. कलम 16 प्रमाणे तो निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा."

अण्णांचा चेहरा सैल झाला. "मग टाका की निरंक."

मी प्रपत्र पुढे ओढलं आणि पेन उघडलं. रकाने चार : सदस्याचं नाव, जागेचा गट क्रमांक, अतिक्रमणाचं क्षेत्र, शेरा. लिहिण्याआधी सहज विचारलं, "नक्की ना अण्णा? कुणाचंच नाही?"

अण्णा चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या आबांनी बांधलेला गोठा हाय. गायरानात चार हात गेलाय म्हणत्यात लोक. पण ते आबांनी केलं, मी न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. आदल्याच वर्षी, 2018 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने घरच्या माणसांनी केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेऊन तिथं राहणारी सदस्याही अपात्र ठरते, असा निकाल दिला होता. त्यामुळे 'आबांनी केलं' एवढ्यावर भागत नव्हतं. उलट 'निरंक' लिहून सही केली असती, तर गोठ्याच्या चार हातांसोबत खोट्या विधानाचीही जबाबदारी अण्णांवर आली असती. आणि 'चार हात' हे तरी कुणी मोजलं होतं? ती नुसती गावची बोलवा.

म्हणून आम्ही तिसराच मार्ग धरला. नावाच्या रकान्यात अण्णांनी स्वतःचं नाव घातलं, पुढे गट क्रमांक लिहिला. क्षेत्राच्या रकान्यात 'अनिश्चित', आणि शेऱ्यात : 'हद्दीबाबत तक्रार असून मोजणीसाठी अर्ज करीत आहे. मोजणीअंती क्षेत्र कळविण्यात येईल.' उरलेल्या आठ सदस्यांबाबत मात्र मी काही लिहू दिलं नाही. "त्यांना आधी विचारा. प्रत्येकाकडून लेखी घ्या, मग 'उर्वरित सदस्यांबाबत माहिती निरंक' असं लिहा."

"एवढ्या एका शब्दासाठी आठ घरं फिरायची?"

"सही तुमची आहे अण्णा."

तिसऱ्या दिवशी ते आठ चिठ्ठ्या आणि मोजणीच्या अर्जाची पोच घेऊन आले. भूमी अभिलेखच्या रांगेत सकाळपासून उभे होते म्हणाले. प्रपत्राच्या तळाशी 'निरंक' त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं नाही. पेन मागितलं आणि एकेक अक्षर जोडत स्वतः लिहिलं.