उरलेल्या ६० लाखांचे काय?

प्रश्न: काटोलजवळच्या आमच्या एकाच जागेवर संत्र्यांचे ग्रेडिंग-वॅक्सिंग युनिट (४० लाख खर्च, ५ वर्षे दरवर्षी १४ लाख निव्वळ मिळकत) किंवा शीतगृह (१ कोटी खर्च, ५ वर्षे दरवर्षी ३३ लाख निव्वळ मिळकत) उभारता येईल. भांडवलाचा खर्च १२ टक्के धरला. आयआरआर पहिल्याचा जास्त, एनपीव्ही दुसऱ्याचा जास्त. कोणाचे ऐकावे?

उत्तर: १ कोटी खरोखर उभे राहत असतील आणि १२ टक्के हा दर खरा असेल, तर एनपीव्हीचे, म्हणजे खर्च वजा जाता आजच्या मूल्यात उरणाऱ्या रुपयांचे ऐकावे. ग्रेडिंग युनिटचा आयआरआर सुमारे २२ टक्के आणि एनपीव्ही सुमारे १०.५ लाख येतो. शीतगृहाचा आयआरआर १९.४ टक्के, पण एनपीव्ही जवळपास १९ लाख. आयआरआर हा गुंतवणुकीवरच्या परताव्याचा दर आहे, आणि तो किती रकमेवर मिळतो हे त्यातून कळत नाही. शेवटी खात्यात जमा होतात ते रुपये.

तेव्हा तुलना करायची ती जादा ६० लाखांची. शीतगृहाच्या प्रत्येक वर्षाच्या रकमेतून युनिटची रक्कम वजा केली, की आज ६० लाख जातात आणि पाच वर्षे दरवर्षी १९ लाख येतात. या फरकाचा आयआरआर १७.६ टक्के निघतो. म्हणजे १२ टक्क्यांनी आणलेले ६० लाख १७.६ टक्के कमावतात, म्हणून ते गुंतवणे योग्य ठरते. हेच पैसे तुम्ही अन्यत्र, तितक्याच जोखमीवर, १७.६ टक्क्यांहून अधिक दराने लावू शकत असाल किंवा कर्जच १८ टक्क्यांनी मिळणार असेल, तर निकाल उलटतो: १८ टक्क्यांवर युनिटचा एनपीव्ही ३.८ लाख आणि शीतगृहाचा ३.२ लाख येतो.

एक्सेलमध्ये हिशेब करताना एक चूक सर्रास होते. `NPV` हे सूत्र पहिल्या रकमेलाही एक वर्ष पुढची मानून तिचे आजचे मूल्य कमी धरते, त्यामुळे सुरुवातीचा खर्च कंसाबाहेर ठेवावा लागतो (तो B2 मध्ये उणे चिन्हासह लिहिलेला असावा):

```
=NPV(12%,B3:B7)+B2
```

मला खरी काळजी शीतगृहाच्या ३३ लाखांची वाटते. ही रक्कम वर्षाला ३०.६ लाखांपर्यंत, म्हणजे जेमतेम ७ टक्क्यांनी घसरली, तरी दोन्ही एनपीव्ही बरोबरीला येतात. आंबिया आणि मृग बहराच्या हंगामात खोल्या भरतीलच. प्रश्न मृगाचा माल उठल्यानंतरच्या उन्हाळ्याचा आहे. त्या महिन्यांत मिरची किंवा चिंच ठेवणारे व्यापारी कोणत्या भाड्याला तयार आहेत, हे कळमना बाजारात आधी विचारून घ्यावे, वीजबिलही उन्हाळ्याच्या दराने धरावे आणि शीतगृहाची वर्षाची रक्कम ३०.६ लाखांच्या खाली आली, तर ग्रेडिंग युनिटच घ्यावे.