साताऱ्यातील छोट्या हॉटेलात टर्नडाऊनची फेरी केव्हा काढावी?

प्रश्न : "साताऱ्यात आमचे २४ खोल्यांचे हॉटेल आहे. टर्नडाऊन, म्हणजे संध्याकाळी खोली आवरून झोपण्यासाठी तयार करून देणे, सुरू केले, पण सहा वाजता गेलो की पाहुणे खोलीतच असतात. फेरी कधी काढावी आणि खोलीत काय ठेवावे?"

उत्तर : सहाची वेळ इथे जमत नाही, कारण कास किंवा ठोसेघरहून परतलेला पाहुणा त्याच सुमारास अंघोळीला जातो. खोली खरी रिकामी होते ती जेवणाच्या वेळी. म्हणून मुख्य फेरी पावणेआठ ते सव्वानऊ ठेवावी आणि खोल्या क्रमांकाने न घेता, जेवायला बसलेल्यांच्या क्रमाने घ्याव्यात. कॅप्टनने ऑर्डर घेताना खोली क्रमांक विचारून हाउसकीपिंगला फोन करावा, एवढी व्यवस्था पुरते. पाहुणे बाहेर जेवायला जाणार असतील, तर किल्ली ठेवून घेताना रिसेप्शननेही तसेच कळवावे.

समजा, १६ खोल्या लागल्या आहेत आणि त्यांपैकी चार पाहुणे पुणे-बेंगळुरू महामार्गावरून रात्री उशिरा पोहोचणार आहेत. त्या चार खोल्या साडेसहालाच उरकाव्यात. दिवा आणि एसी मात्र पाहुणा फाटकात आल्यावर लावावा. उरलेल्या १२ खोल्यांना प्रत्येकी सात मिनिटे धरली, तर ८४ मिनिटे होतात. कागदावर एक माणूस पुरतो, पण साडेआठला सगळे एकदमच जेवायला उतरतात. त्यामुळे सव्वाआठ ते नऊ दुसरा हात लागतोच.

खोलीत शिरल्यावर आधी कचरा, उष्टे पेले आणि ओले टॉवेल बाहेर काढावेत, मग पडदे ओढावेत, बेडकव्हर घडी करून कपाटात ठेवावे आणि पांघरुणाचा कोपरा पाहुणा ज्या बाजूला झोपतो तिकडे दुमडावा. ती बाजू कोणती, हे चष्मा किंवा चार्जर कुठे आहे त्यावरून कळते. या वस्तूंना हात मात्र लावू नये. शेवटी उशाशी पाणी ठेवावे आणि एकच दिवा चालू ठेवावा.

गोड म्हणून साताऱ्यात कंदी पेढ्याला पर्याय शोधायची गरज नाही. मात्र तो चॉकलेटसारखा उशीवर ठेवू नये. तूप सुटून अभ्र्यावर पिवळट डाग पडतो आणि सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते. झाकणाच्या छोट्या डबीत दोन पेढे घालून डबी बाजूच्या टेबलावर ठेवावी. पावसाळ्यात याहून मोलाच्या वस्तू म्हणजे जादा टॉवेल, रेनकोटसाठी दोन हँगर आणि चिखलाच्या बुटांखाली जुने वर्तमानपत्र. फळांची टोपली, मेणबत्त्या वगैरे थाट मला तरी अनावश्यक वाटतो.

"डू नॉट डिस्टर्ब" लावलेल्या दारावर टकटक करू नये आणि फोनही करू नये. पाणी व पेढ्यांची डबी रिसेप्शनवर ठेवून वहीत वेळेसह नोंद करावी, म्हणजे पाहुण्याने रात्री मागितल्यास लगेच देता येते. पाटी नसलेल्या पण राहून गेलेल्या खोल्यांना सव्वानऊला एकदाच फोन करावा. साडेनऊनंतर मात्र कोणाचेही दार वाजवू नये.