शिवणीतली माया आधी मोज

सांगली, विश्रामबाग
रविवार, दुपार

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

लेहेंग्याच्या जाहिरातीचा तू पाठवलेला मजकूर वाचला. "राणी कलरचा ब्रायडल लेहेंगा, एकदाच वापरलेला, एकदम नवीनसारखा, ब्लाउजला मार्जिन आहे, ड्रायक्लीन केलेला." खोटं एक अक्षर नाही त्यात. पण घेणाऱ्या मुलीला जे कळायला हवं असतं, ते त्यातून कळतच नाही. मग ती तुला वीस मेसेज करते, आणि एकविसाव्याला म्हणते, "घरी विचारून सांगते." ती काही सांगत नाही, हे तुलाही आता कळलं असेल.

तुझ्या मजकुरातला सगळ्यात धोक्याचा शब्द मार्जिन. आम्ही शिवणवाले त्याला माया म्हणतो. टिपेच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड, ती माया. ब्लाउज उलटा केला, बगलेखाली इंचभर कापड दिसलं, की लोक बिनधास्त "दोन-तीन इंच सैल होईल" लिहून मोकळे होतात. तीन वर्षांपूर्वी मीही लिहिलं होतं. कराडच्या एका मुलीने माझ्याकडून कच्च्या रेशमाचा ब्लाउज असलेला लेहेंगा नेला. छातीचं तयार माप 34, तिला हवं होतं 36. मी वरच्या कापडाची माया बघितली होती, चांगली एक इंच होती. तिच्या टेलरने उसवलं, तर आत अस्तराला जेमतेम अर्धा इंच माया. वरचं कापड सुटलं, अस्तर सुटेना. चार दिवसांनी ब्लाउज उसवलेल्या स्थितीत परत माझ्या दारात. लग्न आठवड्यावर आलेलं, तिची आई फोनवर जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. चूक माझीच होती.

हिशेब नीट समजून घे. ब्लाउजला डावी-उजवी अशा दोन बाजूच्या शिवणी. प्रत्येक शिवणीत पुढचा आणि पाठीचा असे दोन पदर, म्हणजे चार पदर झाले. प्रत्येक पदराला टिपेपासून एक इंच माया असेल तर चार इंच मिळतील असं वाटतं. पण ती सगळी सोडता येत नाही. जरदोसीच्या वजनाचा ब्लाउज आहे, नवी टीप कापडाच्या काठावरून मारली तर ती मुलगी हात वर करेपर्यंत शिवण फाटेल. अर्धा इंच आत राहायलाच हवा. म्हणजे प्रत्येक पदरातून अर्धा, चार पदरांतून दोन इंच. 34 चा 36 होईल, 38 कधीच नाही. आणि हे झालं वरच्या कापडाचं. अस्तराला अर्धाच इंच असेल तर अस्तराकडून मिळणारं उत्तर शून्य. तिथे बगलेखाली पट्टी जोडावी लागते किंवा अस्तर नवं घालावं लागतं. ते होतं, पण खर्च कोणाचा हे आधी लिहिलेलं बरं.

बाहीही विसरू नकोस. बाजू अर्ध्या इंचाने सोडली की मुंढा मोठा होतो, मग बाहीची खालची शिवणही तेवढीच सोडावी लागते. भरतकामाच्या बाहीला माया बहुतेक वेळा कमी असते, कारण कारागिराने काम अगदी काठापर्यंत भरलेलं असतं. तेव्हा टेप घेऊन तीन ठिकाणी माप: वरचं कापड, अस्तर, बाही. तिन्हींत जे सगळ्यात कमी भरेल, तीच तुझी खरी माया. ब्लाउज किती सैल होईल ते मजकुरात त्याच आकड्यावरून लिही.

मग ब्लाउज खिडकीशी उजेडात धर आणि शिवणीला समांतर सुईच्या भोकांची दुसरी ओळ दिसते का बघ. दिसली तर ब्लाउज आधी एकदा सैल किंवा घट्ट केलाय. दोऱ्याची छटा बदललेली असेल तर शंकाच नको. तशी ओळ नसली तरी एक गोष्ट लिहायची: कच्च्या रेशमावर आणि मखमलीवर जुनी टीप काढली की तिची रेघ राहते, आणि मायेत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं. शिवाय मायेवर भरतकाम नसतं, त्यामुळे बगलेखाली रिकामी पट्टी दिसते. फोटोत हात खाली असेल तर कळत नाही. पण वरमाला घालताना हात वर जातातच.

लेहेंग्याच्या घेराबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. तुझा 12 कळ्यांचा आहे, मी फोटोत मोजल्या. समज, एक कळी कमरेला अडीच इंच, खाली बारा इंच आणि लांबी चाळीस. म्हणजे कंबर 30. खाली भरजरी काठ असल्यामुळे उंची कमी करायची तर वरूनच कापावं लागतं, खालून काठाला हात लावता येत नाही. पण कळी खाली रुंदावत जाते. वरून दोन इंच कापले की प्रत्येक कळी साधारण अर्ध्या इंचाने रुंद होते, बारा कळ्यांची मिळून कंबर सहा इंच वाढते. म्हणजे बुटकी आणि कमरेने भरलेली मुलगी असेल तर या लेहेंग्यात ती सुखाने बसेल. बुटकी आणि सडपातळ असेल तर बाराही कळ्या उसवून पुन्हा शिवाव्या लागतील. उंच मुलीसाठी फक्त कमरपट्टीखाली जोड देता येतो, ब्लाउज लांब असेल तर तो झाकला जातो. उंची लिहिताना कमरेपासून काठापर्यंतचं माप दे, आणि मूळ नवरीने किती उंचीची चप्पल घातली होती तेही.

आता "एकदाच वापरलेला". पोरी, एकदा म्हणजे काय? फिटिंगच्या वेळी घातला ते धरलंस का? प्री-वेडिंगच्या फोटोंना कृष्णेच्या घाटावर नेला होता का? धाकट्या बहिणीने मंगळागौरीला नेसून पाहिला का? नवरीला सरळ विचार आणि तासांत लिही: "संगीताच्या रात्री साधारण पाच तास, नाचासह." लॉनवरचे पाच तास आणि एसी हॉलमधले पाच तास सारखे नसतात. तुला स्वतःला खात्री करायची असेल तर लेहेंगा उलटा कर आणि अस्तराची खालची कड बघ. वरचा काठ नवरी सांभाळते, अस्तराचा कोणी सांभाळत नाही. लॉनवर ओढला असेल तर तिथे मातकट रेघ असतेच. कमरपट्टीच्या आतल्या बाजूला पाठीवरच्या बॉडी मेकअपचा तपकिरी डाग असतो. हुकांचे दोरे सैल झालेत का तेही बघ.

अस्तर कसलं आहे ते लिहिताना "सॉफ्ट अस्तर" नको. सुती आहे, क्रेप आहे की सॅटिन, ते लिही. पायाला काय लागणार आणि किती उकडणार, ते त्यावर ठरतं. घेर फुलवणारी कॅनकॅनची जाळी अस्तराच्या आत बंद आहे की उघडी, तेही. उघडी असेल तर पायाला खाजतं, आणि आतून लांब मोजे घालून बसलेल्या नवऱ्या मी पाहिल्यात. जाळी घडीत दबून चपटी झालेली असेल तर तसं सांग, वाफेची इस्त्री दिली की बरीचशी उभी राहते.

"ड्रायक्लीन केलेला" या दोन शब्दांवर माझा अजिबात विश्वास नाही. ड्रायक्लीनचं द्रावण तेल-तूप काढतं. घाम आणि साखर त्यात नीट विरघळत नाही. लिंबू सरबत किंवा बिनरंगी कोल्ड्रिंक सांडलेलं असतं, तेव्हा ते पारदर्शक असतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, दुकानदाराला कोणी सांगत नाही. कपडा स्वच्छ म्हणून घरी येतो, आणि सहा महिन्यांनी कपाटातून काढावा तर तिथे तपकिरी डाग. त्यामुळे तीन गोष्टी विचार: घातल्यावर किती दिवसांनी धुतला, डाग दाखवून दिला होता का, एकूण किती वेळा. मग आज, विकण्याच्या दिवशी, पुन्हा स्वतः बघ: बगल, कमरपट्टी, मांडीवरची बाजू. चिकटवलेले खडे असतील तर गळालेले मोज. काही गोंद त्या द्रावणात मऊ पडतात.

तुझ्या लेहेंग्याच्या दुसऱ्या फोटोत काठापाशी एक लालसर ठिपका आहे. फिल्टर लावून झाकू नकोस. तो कुंकवाचा नाही, हळदीचा असावा. पिवळ्या डागावर कोणीतरी साबण चोळला की हळद लाल होते. आपण सांगलीचे, हळदीच्या पेठेतले, आपल्याला हे शिकवायला नको. ठिपक्यावर आता काही चोळू नकोस. सावकाश ऊन दिलं तर हळद फिकी होते, पण राणी रंगही सोबत उडेल. तेव्हा आहे तसा, बाजूला रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढ.

मी मजकूर असा लिहिला असता. आकडे तू मोजून बदल:

"राणी रंगाचा 12 कळ्यांचा लेहेंगा. संगीताला एकदा, सुमारे पाच तास, एसी हॉलमध्ये घातला. त्याआधी दोनदा फिटिंग. कंबर 30, उंची 40, दोन इंची टाचेवर बसवलेला. वरून कापून उंची कमी होईल, कंबर वाढेल. ब्लाउज तयार छाती 34. वरच्या कापडात एक इंच माया, अस्तरात आणि बाहीत अर्धा, म्हणून अस्तर व बाही न बदलता सैल होणार नाही. घट्ट करता येईल. आधी कधी उसवलेला नाही. अस्तर क्रेप, कॅनकॅन आत बंद. घातल्यानंतर चौथ्या दिवशी एकदा ड्रायक्लीन, आज पुन्हा तपासला. बगल स्वच्छ. काठाजवळ नाण्याएवढा हळदीचा लाल डाग, फोटो 6. तीन खडे गेलेत, फोटो 7."

हे वाचून दहापैकी सात जणी विचारणारच नाहीत. उरलेल्या तिघींशी बोल.

फोटो दुपारी बाराच्या आत, खिडकीशी काढ. ट्यूबलाइटखाली राणी रंग जांभळा दिसतो. आणि कपाटातल्या डांबरगोळ्या जरीपासून लांब ठेव, लेहेंगा प्लास्टिकच्या पिशवीतून काढून जुन्या सुती साडीत गुंडाळ.

बुधवारी दुपारी दुकान बंद असतं. तेव्हा ब्लाउज घेऊन ये, बाही उलटी करून दाखवते. टेप माझ्याकडे आहे, तुझा चष्मा मात्र घेऊन ये. मागच्या वेळी अर्धा इंच तू पाऊण वाचला होतास.

तुझी,
काकू