समान रक्कम की समान जोखीम?

प्रश्न : तासगावला द्राक्षबाग आहे, वय ५१. प्लॉट विकून आलेले २१ लाख निफ्टी इंडेक्स फंड, गोल्ड ईटीएफ आणि गिल्ट फंडात सात-सात लाख टाकणार आहे. मुलगा म्हणतो, रिस्क पॅरिटीने वाटणी करा. गिल्टऐवजी पतसंस्थेतली ठेव चालेल का?

उत्तर : आपल्या मुलाचा मुद्दा योग्य आहे. रिस्क पॅरिटी म्हणजे प्रत्येक गुंतवणुकीची जोखीम समान राहील अशी वाटणी. हिशेबासाठी वार्षिक चढ-उतार, म्हणजे परताव्याचे प्रमाण विचलन, निफ्टीसाठी १८, सोन्यासाठी १२ आणि गिल्टसाठी, म्हणजे सरकारी रोख्यांच्या फंडासाठी, ४ टक्के धरू, आणि तिघांचा परस्परसंबंध शून्य मानू. सात-सात लाखांवर हे चढ-उतार अनुक्रमे १,२६,०००, ८४,००० आणि २८,००० रुपये होतात. परस्परसंबंध शून्य धरल्याने त्यांची सरळ बेरीज चालत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की १,५४,००० येतात. त्या वर्गांच्या बेरजेत निफ्टीचा वाटा ६७ टक्के, सोन्याचा ३० आणि गिल्टचा जेमतेम ३ आहे.

रिस्क पॅरिटीत रक्कम चढ-उताराच्या व्यस्त प्रमाणात वाटतात : निफ्टीत ३ लाख, सोन्यात साडेचार आणि गिल्टमध्ये साडेतेरा. आता प्रत्येकाचा चढ-उतार ५४,००० आणि एकूण सुमारे ९३,५०० होतो. (सर्व जोड्यांचा परस्परसंबंध सारखा असेल तरच ही सोपी रीत अचूक ठरते.)

याची किंमत परताव्यात मोजावी लागते. परतावा अनुक्रमे १२, ८ आणि ७ टक्के धरला, तर समान वाटणीत वर्षाला १,८९,००० आणि रिस्क पॅरिटीत १,६६,५०० अपेक्षित आहेत. मोठ्या संस्था ही तूट कर्ज काढून भरून काढतात. आपण ७ टक्क्यांच्या गिल्टसाठी त्याहून महाग कर्ज काढणे हा उघड तोट्याचा व्यवहार होईल.

पतसंस्थेचा विचार मात्र सोडावा. ठेवीचा भाव रोज ठरत नाही म्हणून तिचा चढ-उतार शून्य दिसतो आणि सूत्र सगळा पैसा तिकडेच ओढते. संस्था बुडण्याचा धोका त्यात मोजलाच जात नाही. बँकांच्या ठेवींना असलेले ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थांना नाही, हेही ध्यानात घ्यावे.

अवकाळीने बाग गेली की याच पैशाला हात लागणार, आणि नेमक्या त्या वर्षी बाजार पडलेला असेल तर तोट्यात विकावे लागेल. म्हणून आपल्यासाठी समान वाटणी मला जड वाटते. पण हा पैसा उतारवयासाठीही असल्याने पूर्ण रिस्क पॅरिटीही मी सुचवणार नाही. निफ्टी ५, सोने ५ आणि गिल्ट ११ लाख अशी वाटणी केल्यास चढ-उतार सुमारे १,१७,००० आणि अपेक्षित परतावा १,७७,००० होतो. पैसे गुंतवण्याआधी निवडलेल्या गिल्ट फंडाच्या ३६ महिन्यांच्या मासिक परताव्यांचे प्रमाण विचलन काढून त्याला १२ च्या वर्गमुळाने गुणावे. लांब मुदतीचे रोखे असलेल्या फंडात हा आकडा ४ च्या बराच वर जाऊ शकतो. तसे आढळल्यास कमी मुदतीचे रोखे असलेला फंड निवडावा.