खुनी स्वतःच गोष्ट सांगतो तेव्हा

प्रश्न: खुनीच निवेदक असलेली कादंबरी वाचताना त्याचा तिटकारा येण्याऐवजी मी त्याच्या जवळच का राहतो? आणि त्याला मनातून अपराधी वाटतंय की नाही, हे ओळखायचं कसं?

अरविंद अडिगांच्या 'द व्हाइट टायगर' (2008) वरून सांगते. ही कादंबरी मी पुन्हापुन्हा वाचली आहे आणि दर वेळी तिच्या निवेदकाच्या, ड्रायव्हर बलराम हलवाईच्या, शेजारीच बसून राहिले आहे. पुढे कथानक उघड होईल, पण त्याने फारसं बिघडत नाही. मालकाचा गळा आपण चिरला, हे बलराम पहिल्याच रात्री सांगून टाकतो.

आपण जवळ राहतो त्याची सुरुवात तिथूनच होते. कोणी मारलं, हा प्रश्नच उरत नाही. उरतं ते एवढंच की हा माणूस तिथवर पोचला कसा, आणि ते बघायचं तर त्याच्यासोबत ड्रायव्हरच्या सीटवर बसावं लागतं. मागे त्याचा मालक, अशोकसाहेब. आरशात दोघांची नजरानजर होते आणि दोघेही डोळे वळवतात. बरं, अशोक राक्षस असता तर सगळं सोपं झालं असतं. पण घरातल्या इतरांपेक्षा तोच बरा आहे, नोकराशी माणसासारखा बोलतो. त्याचा राग धरता येत नाही आणि बलरामलाही सोडवत नाही, अशा कात्रीत वाचक सापडतो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची जागा कबुलीची आहे. दिल्लीत एका रात्री मालकीण, पिंकी मॅडम, दारू पिऊन गाडी चालवते आणि रस्त्यावरच्या एका जिवाला चिरडते. दुसऱ्या दिवशी बलरामसमोर कागद येतो: गाडी मी चालवत होतो, सही कर. तो करतो. पुढे कोणी तक्रारच करत नाही म्हणून तो वाचतो, पण न केलेल्या गुन्ह्याची कबुली त्याच्याकडून लिहून घेतली गेलेली असते. आता अख्खी कादंबरी बघा. ती म्हणजे त्याने सात रात्रींत चीनच्या पंतप्रधानांना, वेन जियाबाओंना, लिहिलेलं पत्र आहे. म्हणजे दुसरी कबुली. ही खरी आहे, कोणी मागितलेली नाही, आणि ऐकणारा न्यायाधीशही नाही. बलराम माफी मागत नाही, त्यामुळे आपल्यावरही निकाल द्यायची जबाबदारी येत नाही. आपण नुसतं ऐकत राहतो. पहिल्या कागदावरची सही आठवत असली की दुसरी कबुली मध्येच टाकून उठवत नाही.

आता अपराधीपणाचं. तोंडाने तो पश्चात्ताप नाकारतो, आणि त्या वाक्यांवर विसंबलात तर फसाल. मी बघते ते हे की तो रेंगाळतो कुठे आणि घाईने पुढे सरकतो कुठे. खून तो सावकाश सांगतो: चाकात काहीतरी बिघाड आहे असं म्हणून मालकाला गाडीतून उतरवलं, गुडघ्यावर बसून टायर बघायला लावलं, फुटलेली बाटली हातात होतीच. पण नोकराने असं केलं की गावाकडच्या त्याच्या कुटुंबाला संपवतात, हे खून करण्याआधीच त्याला माहीत होतं. त्यांचं नेमकं काय झालं, या विषयाजवळ तो येतो आणि दर वेळी बाजूला सरकतो. अशोकचं ओझं त्याला पेलतं, घरच्यांचं नाही, असं मी त्यातून वाचते. एकट्याने पळणं सोपं असतानाही धरम या नात्यातल्या पोराला तो सोबत घेऊन जातो, ते मला याच ओझ्यातून आलेलं वाटतं. इथे वाचक म्हणून मीही त्याच्यापासून जरा दूर सरकते. मालकाच्या खुनाची कारणं तो देऊ शकतो, पण घरातल्या पोराबाळांसाठी त्याच्याकडे कारण नाही.

शेवटाकडे बंगळुरूत एक प्रसंग येतो. बलरामचा आता टॅक्सीचा धंदा आहे, आणि त्याच्या एका ड्रायव्हरच्या गाडीखाली सायकलवरचा मुलगा मरतो. म्हणजे दिल्लीतलीच रात्र परत आली, फक्त आता मालक तो आहे. पोलिसांना त्याने आधीच बांधून ठेवलंय, प्रकरण तिथेच मिटतं. विवेक जागा झाला म्हणून तो धुतल्या तांदळासारखा होत नाही. पण ड्रायव्हरच्या नावाने कागद तयार करत नाही. जबाबदारी स्वतःवर घेतो, मेलेल्या मुलाच्या घरी जातो, आईवडिलांसमोर उभा राहतो, पैसे देतो आणि मुलाच्या भावाला नोकरी देऊ करतो. ज्या गुन्ह्याला भरपाईच नाही त्याची भरपाई तो दुसऱ्याच दारात जाऊन करतोय, असं मला वाटतं. 'मला वाईट वाटतं' या वाक्यापेक्षा मी अशा चुकीच्या पत्त्यावर पोचलेल्या भरपाईवर जास्त विश्वास ठेवते.

आणि एक गोष्ट अगदी उघड्यावर ठेवलेली आहे. मालकाबद्दल कोणी वाईट बोललेलं त्याला आजही चालत नाही. नवा धंदा, नवं शहर, कुठलंही नाव घेता आलं असतं. त्याने घेतलं अशोक शर्मा. म्हणजे दिवसभर लोक त्याला त्याने मारलेल्या माणसाच्या नावाने हाक मारतात, आणि तो ओ देतो.