नाव पुसलेल्या यंत्राची ओळख मागच्या बाजूने करा

प्रश्न: एक जुना रीलचा टेप रेकॉर्डर आणि त्याच्याबरोबर एक व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर मिळाला आहे. दोन्हींवरची नावं गेली आहेत. कोणाचे, कधीचे आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्यांना काही किंमत आहे का, हे सुट्या भागांवरून ओळखता येतं का?

येतं. त्यासाठी आधी यंत्र उलटं फिरवा. पुढची पट्टी, बटणं, लाकडी पेटी हे सगळं पॉलिश करून नवं करता येतं. मागची सॉकेटं, खालचे स्क्रू आणि आतला सोल्डर सहसा खरं बोलतात, कारण तिकडे कोणी बघेल असं विकणाऱ्याला वाटतच नाही.

माझे मेहुणे असेच एक अॅम्प्लिफायर घेऊन आले होते. अमेरिकन बनावटीचा स्टिरिओ, चार ईएल३४ व्हॉल्व्ह, नाव अर्धवट पुसलेलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "१९५८ सालचा आहे, कोणी हात लावलेला नाही." मेहुणे खूश. मी खालचं झाकण काढलं.

आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागचा फिरता भाग म्हणजे पॉट, त्याच्या पाठीवर आकडा ठोकलेला होता: १३७६२१४. अमेरिकन सुट्या भागांवर असे आकडे सर्रास असतात. पहिले तीन आकडे भाग बनवणाऱ्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. ३०४ दिसलं तर स्टॅकपोल. पुढचे दोन सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६२ च्या चौदाव्या आठवड्यातला, एप्रिलच्या सुरुवातीचा. जो भाग १९६२ मध्ये जन्मला, तो १९५८ च्या अॅम्प्लिफायरमध्ये कसा बसणार?

मेहुण्यांनी लगेच शंका काढली, "पॉट नंतर बदलला असेल." शंका रास्त होती, म्हणून मी सोल्डर दाखवला. कारखान्यात तार आधी पॉटच्या कानातून ओवून वळवतात, मग सोल्डर लावतात. इथे तारेचा वेढा शाबूत होता आणि सोल्डरचा थर पातळ, वरून मळलेला, शेजारच्या सगळ्या सांध्यांसारखाच. बदललेल्या भागाचा सांधा बहुतेक वेळा कळतो. सोल्डरचा गोळा जाड असतो, चमक वेगळी असते, जुन्या तारेचं इन्सुलेशन टोकाला जळून आक्रसलेलं असतं. इथे त्यातलं काही नव्हतं.

मग व्हॉल्व्ह पाहिले. वरची छपाई बोट लागलं तरी निघते, म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. काचेवर खाली, पायथ्याजवळ, बारीक करड्या अक्षरांत कोरल्यासारखा कोड असतो, तो टॉर्च तिरपा धरला की उमटतो. एकावर होतं 'बी२ई४'. मुलार्ड आणि फिलिप्सच्या पद्धतीत पहिलं अक्षर कारखान्याचं, बी म्हणजे ब्लॅकबर्न. मग सालाचा शेवटचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि आठवडा. मे महिन्याचा चौथा आठवडा, साल '२'ने संपणारं. १९६२ की १९७२ हे एकटा कोड सांगत नाही, पण पॉटशी ताडून पाहिलं तर १९६२ जुळतं. म्हणजे अॅम्प्लिफायर १९६२ च्या मध्यावरचा, अशी गोष्ट सरळ बसली. चारपैकी एक व्हॉल्व्ह मात्र भलत्याच कोडचा निघाला. तो नंतरचा, त्यात काही पाप नाही. व्हॉल्व्ह संपतात, बदलावे लागतातच.

पण खरा घाव मागे होता. या जातीच्या अमेरिकन अॅम्प्लिफायरला मेन्सची वायर कायमची जोडलेली असते. रबरी बुशातून थेट आत जाते. इथे मात्र संगणकाच्या मागे असतं तसं तीन पिनांचं आयईसी सॉकेट होतं. ते मानक १९७० चं. १९६२ च्या यंत्रावर ते मुळातलं असूच शकत नाही. मी कडेवरून नख फिरवलं. चौकोनी भोक कानशीने घासलेलं, कोपरे वाकडे, धातू उघडा आणि भोवतीचा रंग तडकून उडालेला. "कोणी हात लावलेला नाही" म्हणे!

तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. मेहुण्यांचं म्हणणं, "अरे, आवाज झकास येतो ना? मग सॉकेट कुठलं का असेना." मी म्हणतो, ऐकणाऱ्याला ते चालेल, संग्राहकाला नाही. आतले कपॅसिटर बदलले असतील तर कोणी नाक मुरडत नाही, ते उद्या पुन्हा काढता येतात. चासीला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, पाडलेलं भोक मात्र बुजत नाही. तुम्हाला किंमतीचा एकच निकष हवा असेल तर हा घ्या: झालेला बदल परत फिरवता येतो का? मेहुणे हे वाचत असतील तर त्यांनी पॉटचा आकडा पुन्हा एकदा पाहावा.

आता तुमचा टेप रेकॉर्डर. मागे फक्त पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असेल तर यंत्र युरोपियन, बहुधा जर्मन. ग्रुंडिग, टेलिफुंकन, उहेर यांच्या घरचं. त्या एकाच केबलमधून ध्वनिमुद्रणही होतं आणि वाजवणंही. तीनच पिना असतील तर मोनो आणि सहसा आधीचं. आरसीए सॉकेटांच्या जोड्या असतील तर अमेरिकन किंवा जपानी, आणि दोन्ही प्रकार शेजारी असतील तर निर्यातीचं जपानी असण्याची शक्यता जास्त. जपानी स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हाशेजारी बारीक टिंबही असतं. तिथे साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर लावू नका, खाच बिघडते.

किंमत हेडवर ठरते, म्हणजे टेप ज्याच्या तोंडावरून घासत जाते त्या भागावर. हेडच्या तोंडावर नख आडवं फिरवा. टेपच्या रुंदीची, सव्वासहा मिलिमीटरची खाच पडलेली असेल आणि तिच्या कडेला नख अडकत असेल तर हेड झिजलंय. दुसरं, दोन ट्रॅकचं हेड आहे की चार ट्रॅकचं ते पाहा. रुंद ट्रॅक आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटरचा वेग असलेली यंत्रं लोक शोधत फिरतात. रेव्हॉक्स ए७७ हा १९६७ ते १९७७ पर्यंत बनला, त्यात सुद्धा ही जोडी असलेला भाव खातो, चार ट्रॅकचा संथ वेगाचा तसाच पडून राहतो.

एक राहिलं. भागाचा आकडा फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो. पॉट गोदामात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो, त्यामुळे एका आकड्यावर साल ठोकू नका, दोन-तीन जुळले तरच बोला. आणि यंत्र हातात आल्या आल्या प्लग लावू नका. जुने कपॅसिटर आणि वाळलेली वायर चासीवर करंट आणतात, शिवाय अमेरिकन यंत्र असेल तर आधी मागे ११७ व्होल्ट लिहिलंय का ते बघा. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर बंद केल्यावरही आतले मोठे कपॅसिटर बराच वेळ भरलेले असतात, त्यामुळे झाकण काढायच्या आधी ते जाणकाराकडून रिकामे करून घ्या. अर्थिंगची तीन पिनांची वायर घालणं सुरक्षित आहेच, त्याला माझा विरोध नाही. ती जुन्याच बुशाच्या भोकातून घ्या आणि काढलेली वायर पिशवीत घालून यंत्राबरोबर ठेवा.